कोअर नोकरी, सॉफ्टवेअर की एम.टेक.? अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने तुलना कशी करावी

पाठाचा उद्देश

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात तीन वाटा एकाच वेळी समोर येतात. पहिली आपल्या शाखेतील म्हणजे कोअर नोकरीची, दुसरी सॉफ्टवेअर कंपनीतील नोकरीची आणि तिसरी पुढील शिक्षणाची. या तिन्हींची तुलना बहुतेक वेळा ऑफर लेटरवरच्या एका आकड्यावरून केली जाते. तो आकडा तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज असतो. एम.टेक.ला तर तो नसतोच. या पाठात आपण भिलाईतील एक उदाहरण घेऊन दोन गोष्टी शिकणार आहोत. एक, तिन्ही वाटा एकाच मापात कशा आणायच्या. दोन, आज सोडलेली वाट पुढे किती काळ उघडी राहते हे कसे ठरवायचे.

१. उदाहरणाची पार्श्वभूमी

भिलाई हे पोलादाचे गाव. सोव्हिएत संघाच्या मदतीने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. भारतीय रेल्वेचे रूळ इथे तयार होतात. सांधून २६० मीटरपर्यंत लांब केलेले रूळही इथून जातात. या कारखान्याभोवती लहान-मोठे उद्योग आणि अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली. रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरला भागात स्पंज आयर्नचे आणि रोलिंगचे अनेक खासगी कारखाने आहेत. रायपूरला एनआयटी आहे आणि २०१६ पासून भिलाईचे स्वतःचे आयआयटीही आहे. त्यामुळे इथल्या यांत्रिकी, विद्युत किंवा धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कोअर नोकरी ही रोज डोळ्यांसमोर दिसणारी गोष्ट असते.

इथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. भिलाईतील अनेक घरांत 'बीएसपीत लागणे' म्हणजे भिलाईतच राहणे असे धरले जाते. परंतु हा कारखाना सेल या सार्वजनिक कंपनीचा आहे. अभियंत्यांची मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून भरती सेल देशपातळीवर करते, त्यामुळे नेमणूक बोकारो, राउरकेला, दुर्गापूर किंवा बर्नपूरलाही होऊ शकते. ही भरती दरवर्षी ठरलेल्या संख्येने निघत नाही. निवड काही वर्षी गेटच्या गुणांवर, तर काही वर्षी कंपनीच्या स्वतःच्या परीक्षेतून झाली आहे. म्हणून ही संधी तुलनेच्या तक्त्यात हातातली ऑफर म्हणून लिहू नये. ती वेगळ्या ओळीत, 'जाहिरात निघाल्यास' अशी लिहावी.

आता उदाहरण घेऊ. समजा, भिलाईतील एका महाविद्यालयात यांत्रिकी शाखेच्या शेवटच्या वर्षाला एक विद्यार्थिनी आहे. तिच्यावर तीन लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज असून व्याज वर्षाला १० टक्के आहे. तिच्याकडे पुढील तीन पर्याय आहेत.

- सिलतरा येथील एका खासगी पोलाद कारखान्यात पदवीधर प्रशिक्षणार्थी अभियंता. सीटीसी ३,६०,००० रुपये. कंपनीचे वसतिगृह आणि कॅन्टीन उपलब्ध.
- पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रशिक्षणार्थी. सीटीसी ४,२०,००० रुपये.
- २०२६ च्या गेटमधील गुणांवर एखाद्या एनआयटीत पूर्णवेळ एम.टेक.

या उदाहरणातील पगार, शुल्क आणि खर्चाचे आकडे हिशोबाची रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. तुम्ही त्या जागी स्वतःचे आकडे घालायचे आहेत.

२. पहिली पायरी: सीटीसीवरून हातातल्या शिलकीपर्यंत

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च. त्यातील काही रक्कम तुमच्या हातात दरमहा येत नाही. कंपनी भरते तो भविष्यनिर्वाह निधीचा म्हणजे पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, आरोग्य विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बदलता पगार, अशा चार गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. पीएफची रक्कम तुमचीच असते, पण ती आज खर्चाला मिळत नाही. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षे नोकरी झाल्यावरच मिळते. बदलता पगार पहिल्या वर्षी पूर्ण मिळेल असे गृहीत धरू नये.

दोन्ही नोकऱ्यांत बेसिक दरमहा १५,००० रुपये आहे असे समजू. पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे दरमहा १,८०० रुपये होतो. तेवढीच रक्कम कंपनी भरते आणि तेवढीच तुमच्या पगारातून कापली जाते. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या सुमारे ४.८१ टक्के धरतात. ती वर्षाला साधारण ८,७०० रुपये होते.

*सॉफ्टवेअरची ऑफर.* ४,२०,००० रुपयांमधून कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी ८,७००, विमा ८,००० आणि बदलता पगार ३०,००० वजा केला की ३,५१,७०० रुपये उरतात. महिन्याला ते सुमारे २९,३०० होतात. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर २०० गेला की हातात २७,३०० रुपये येतात. पुण्यात भागीदारीतली खोली, जेवण, प्रवास आणि फोन मिळून १६,००० रुपये लागतात असे धरले तर शिल्लक ११,३०० रुपये राहते.

*कारखान्याची ऑफर.* ३,६०,००० रुपयांमधून कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी ८,७०० आणि विमा ५,७०० वजा केला की ३,२४,००० रुपये उरतात, म्हणजे महिन्याला २७,०००. स्वतःचा पीएफ वजा जाता हातात २५,२०० रुपये येतात. वसतिगृहाचे नाममात्र भाडे, कॅन्टीन, घरी येणे-जाणे आणि फोन मिळून ७,००० रुपये धरले तर शिल्लक १८,२०० रुपये राहते.

म्हणजे सीटीसी ६०,००० रुपयांनी कमी असलेल्या नोकरीत दरमहा जवळजवळ ७,००० रुपये जास्त उरतात. हा फरक पगारातला नसून राहण्या-जेवणातला आहे. म्हणूनच तो टिकाऊ आहे का हे तपासावे लागते. वसतिगृह फक्त प्रशिक्षणाच्या वर्षापुरते असेल आणि नंतर रायपुरात भाड्याने खोली घ्यावी लागणार असेल, तर हा हिशोब दुसऱ्या वर्षी बदलतो. ऑफर स्वीकारण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा.

*एम.टेक.* गेटच्या गुणांवर पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला जास्तीत जास्त २४ महिने दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. प्रवेश घेताना चालू दर आणि अटी तपासून घ्याव्यात. २४ महिन्यांचे एकूण २,९७,६०० रुपये होतात. चार सत्रांचे शुल्क वसतिगृहासह १,६०,००० आणि मेस व इतर खर्च दरमहा ५,५०० प्रमाणे १,३२,००० धरला तर एकूण खर्च २,९२,००० होतो. उरतात ५,६०० रुपये, म्हणजे शिल्लक जवळपास शून्य. यातून दोन निष्कर्ष निघतात. विद्यावेतनासह एम.टेक. केल्यास घरून पैसे मागवावे लागत नाहीत. मात्र त्या दोन वर्षांत कर्ज फेडायलाही काही उरत नाही. विद्यावेतनाचा हप्ता कधी उशिरा जमा होतो, म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची सोय आधी करून ठेवावी.

३. दुसरी पायरी: कर्ज कधी फिटते?

तिन्ही वाटा एका मापात आणण्यासाठी आपण एकच प्रश्न विचारू: सगळी शिल्लक कर्जात भरली तर कर्ज किती महिन्यांत फिटेल? ज्यांच्यावर कर्ज नाही त्यांनी 'पहिले तीन लाख किती महिन्यांत साठतील' असे विचारावे.

तीन लाखांवर १० टक्के दराने पहिल्या महिन्याचे व्याज २,५०० रुपये होते. मुद्दल कमी होईल तसे तेही कमी होत जाते. शिल्लक `S`, कर्ज `P` आणि मासिक व्याजदर `r` असेल तर लागणारे महिने या सूत्राने निघतात:

```
n = -ln(1 - P*r/S) / ln(1 + r)
```

इथे `r = 0.10/12` आहे. कारखान्याच्या नोकरीत `S = 18200` ठेवल्यास सुमारे १८ महिने येतात. सॉफ्टवेअरच्या नोकरीत `S = 11300` ठेवल्यास सुमारे ३० महिने येतात.

एम.टेक.चा हिशोब दोन टप्प्यांत करावा. दोन वर्षांत परतफेड होत नाही आणि साध्या व्याजाने धरले तरी कर्ज ३,६०,००० रुपये होते. त्यानंतर मिळालेल्या नोकरीत दरमहा ३०,००० रुपये उरले, तर पुढील सुमारे १३ महिन्यांत ते फिटते. म्हणजे एकूण ३७ महिने. शिल्लक ३०,००० ऐवजी १८,००० च राहिली, तर नुसत्या दुसऱ्या टप्प्यालाच सुमारे २२ महिने लागतात आणि एकूण कालावधी चार वर्षांजवळ जातो. एम.टेक.च्या काळात परतफेड पुढे ढकलण्याची सवलत आपोआप मिळेल असे धरू नये. बँकेत जाऊन ती आधी मंजूर करून घ्यावी लागते.

म्हणून एम.टेक.बाबत खरा प्रश्न 'संस्था चांगली आहे का' एवढाच नाही. 'त्या विशिष्ट विषयातून बाहेर पडणाऱ्यांना काय मिळते' हा आहे. संस्थेचा सरासरी पगार इथे उपयोगी नाही, कारण त्यात संगणकशास्त्राचे बी.टेक.चे विद्यार्थीही असतात. ज्या विषयाला प्रवेश मिळतो आहे, उदाहरणार्थ औष्णिक अभियांत्रिकी किंवा मशीन डिझाइन, त्याच्या मागील दोन तुकड्यांतील किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधला म्हणजे मध्यक पगार किती होता, हे विभागाकडून किंवा तिथल्या विद्यार्थ्यांकडून विचारावे. तुकडी वीस जणांची असेल तर पाच जणांशी बोलूनही बरेच कळते.

४. तिसरी पायरी: कोणती वाट किती काळ उघडी राहते?

आतापर्यंतच्या हिशोबात कारखान्याची नोकरी पुढे आहे. पण हा हिशोब पहिल्या तीन-चार वर्षांचाच आहे. निर्णय घेताना दुसरी बाजूही पाहावी लागते. एक वाट निवडली की उरलेल्या दोन बंद होतात का, आणि होत असतील तर केव्हा?

*गेटची मुदत.* गेटचे गुणपत्रक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असते. मार्च २०२६ मध्ये लागलेल्या निकालावर २०२६, २०२७ आणि २०२८ अशा तीन प्रवेश फेऱ्यांत एम.टेक.साठी अर्ज करता येतो. म्हणजे आज नोकरी स्वीकारली म्हणून एम.टेक. लगेच हातचे जात नाही. मात्र ही सोय एम.टेक.पुरती आहे. सार्वजनिक कंपन्या जेव्हा गेटवरून भरती करतात, तेव्हा जाहिरातीत सामान्यतः ठराविक वर्षाचेच गेट मागतात. जुने गुणपत्रक ग्राह्य असले तरी त्या जाहिरातीसाठी ते चालत नाही. अशा भरतीला वयोमर्यादाही असते. त्यामुळे ज्यांना सार्वजनिक कंपनी हवी आहे त्यांनी दरवर्षी गेट द्यावी लागेल असे धरून चालावे.

*बॉन्डची मुदत.* कारखान्याची ऑफर दोन वर्षांच्या बॉन्डसह आहे असे समजू. जुलै २०२६ मध्ये रुजू झाल्यास बॉन्ड जुलै २०२८ मध्ये संपतो. एनआयटीच्या एम.टेक. प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या साधारण मे ते जुलैमध्ये होतात आणि वर्ग जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये सुरू होतात. म्हणजे आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनी दोन वर्षे कारखान्यात काम करून, कर्ज फेडून, त्याच गेटच्या गुणांवर २०२८ मध्ये एम.टेक.ला जाऊ शकते. बॉन्ड अडीच वर्षांचा असता, किंवा रुजू होण्याची तारीख ऑक्टोबरवर गेली असती, तर हे गणित जमले नसते. तेव्हा बॉन्डची रक्कम भरून बाहेर पडावे लागले असते किंवा पुन्हा गेट द्यावी लागली असती. म्हणून बॉन्डची रक्कम पाहण्याआधी त्याची शेवटची तारीख पाहावी. मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे जमा करावी लागणार आहेत का, हेही विचारावे. ती हातात नसतील तर प्रवेशाच्या वेळी अडचण येते.

*सॉफ्टवेअरमधून कोअरकडे.* ही वाट सर्वांत लवकर बंद होते. कारखाने प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी पदवी घेतलेल्यांना घेतात. दोन-तीन वर्षांनी गेलात तर ते गिअरबॉक्स, हायड्रॉलिक यंत्रणा, कंपन-मोजणी किंवा शटडाउनचे नियोजन यांतील अनुभव विचारतात. तो सॉफ्टवेअरच्या नोकरीत मिळालेला नसतो. परतायचे असेल तर बहुधा एम.टेक.मधूनच परतावे लागते.

*कोअरमधून सॉफ्टवेअरकडे.* ही वाट जास्त काळ उघडी राहते, पण अर्धीच. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीचे वर्ष ठरवून दिलेले असते. ते निघून गेले की त्या दारातून जाता येत नाही. प्रोग्रामिंग येत असल्याचा पुरावा देऊन इतर ठिकाणी जाता येते. अडचण वेळेची असते. सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा आणि रात्री दहा ते सकाळी सहा अशा बदलत्या पाळ्यांत काम करताना रोज ठराविक वेळी अभ्यास करणे सोपे नसते. आपण हे करू शकू का, याचा अंदाज शेवटच्या वर्षातल्या सवयींवरून बांधावा.

५. चौथी पायरी: ऑफरमध्ये नेमके काय आहे?

वरचा सगळा हिशोब ऑफर खरी आहे यावर उभा आहे. दोन्ही प्रकारच्या नोकऱ्यांत फसगत होण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत.

'कोअर' म्हणून सांगितलेली नोकरी प्रत्यक्षात कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असू शकते, किंवा कामाचे स्वरूप विक्रीचे असू शकते. ऑफर लेटरवर कोणत्या कंपनीचे नाव आहे, पदनाम काय आहे आणि प्रशिक्षणानंतर कोणत्या विभागात नेमणूक होईल, या तीन गोष्टी पाहाव्यात. झोतभट्टी, स्टील मेल्टिंग शॉप, रोलिंग मिल किंवा मध्यवर्ती देखभाल विभाग यांत शिकायला मिळणारे काम फार वेगळे असते. मुलाखतीत सुरक्षिततेचेही विचारावे. पोलाद कारखान्यातील गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. म्हणून गॅसच्या भागात जाणाऱ्या प्रत्येकाला मोजणी यंत्र मिळते का आणि देखभालीआधी लेखी परवाना घेण्याची पद्धत आहे का, याचे उत्तर चांगल्या कारखान्यात लगेच मिळते. उत्तर टाळले गेले तर ती नोंद तक्त्यात लिहावी. विद्यार्थिनींनी रात्रपाळीचे नियम, वाहनाची सोय आणि मुलींचे वसतिगृह याबद्दलही विचारावे.

सॉफ्टवेअरच्या ऑफरमध्ये पाहायची गोष्ट म्हणजे रुजू होण्याची तारीख. अनेक ऑफर पत्रांत ती नसते किंवा 'कंपनीच्या गरजेनुसार' असे लिहिलेले असते. तारीख सहा महिने पुढे गेली, तर आपल्या उदाहरणात सहा महिन्यांची शिल्लक म्हणजे ६७,८०० रुपये जातात आणि त्या काळाचे सुमारे १५,००० रुपये व्याज वाढते. दुसरी गोष्ट प्रशिक्षणानंतरच्या परीक्षेची. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा संधी मिळते की नोकरी संपते, हे पत्रात वाचावे. तिसरी गोष्ट पगारवाढीची. सॉफ्टवेअरमधील मोठी वाढ बहुधा दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलताना होते आणि ती कामाच्या प्रकारावर अवलंबून असते. त्यामुळे त्याच कंपनीत तीन वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या महाविद्यालयातील चार-पाच जणांना आज हातात किती येते हे विचारावे. तोच प्रश्न कारखान्यातील दादा-ताईंनाही विचारावा. पहिल्या वर्षाच्या दोन आकड्यांपेक्षा तिसऱ्या वर्षाचे दोन आकडे जास्त सांगून जातात.

६. उदाहरणाचा निष्कर्ष

आपल्या विद्यार्थिनीला यंत्रांच्या कामात रस असेल आणि वसतिगृह दोन वर्षे मिळणार असेल, तर कारखान्याची नोकरी घेऊन २०२८ पर्यंत एम.टेक.चा पर्याय राखून ठेवणे हिशोबाला धरून आहे. कर्ज फिटते, बॉन्ड संपतो आणि गेटची मुदत उरते. तिला प्रोग्रामिंगचेच काम करायचे असेल, तर मात्र हा हिशोब उलटतो. फ्रेशर भरतीचे दार याच वर्षी उघडे आहे आणि दरमहा ७,००० रुपये कमी शिल्लक ही त्या दाराची किंमत आहे. ती किंमत द्यायची की नाही हे तिने ठरवायचे. तिला संशोधन किंवा डिझाइनमध्ये जायचे असेल आणि निवडलेल्या विषयाचा मध्यक पगार समाधानकारक असेल, तर लगेच एम.टेक. करण्यात ३७ महिन्यांचा हिशोब तिला आधीच माहीत असेल.

सारांश

सीटीसी सोडून महिन्याची शिल्लक काढावी. त्या शिलकीतून कर्ज किती महिन्यांत फिटते ते पाहावे. नंतर गेट, बॉन्ड आणि फ्रेशर भरती यांच्या शेवटच्या तारखा एका ओळीत मांडाव्यात. हे झाल्यावर आवडीचा प्रश्न विचारला, तर त्या आवडीची किंमत किती आहे हे समोर दिसते.

स्वाध्याय

१. आपल्या हातातील किंवा वरिष्ठ विद्यार्थ्याच्या ऑफर लेटरवरून महिन्याची शिल्लक काढा. बदलता पगार शून्य धरा.

२. वरील उदाहरणात कारखान्याचे वसतिगृह एका वर्षानंतर बंद झाले आणि खर्च दरमहा ६,००० रुपयांनी वाढला, तर कर्ज फिटायला एकूण किती महिने लागतील?

३. गेट २०२७ दिलेल्या आणि तीन वर्षांचा बॉन्ड असलेल्या विद्यार्थ्याने जुलै २०२७ मध्ये नोकरी सुरू केली. त्याच गुणांवर त्याला बॉन्ड न मोडता एम.टेक. करता येईल का? तारखा मांडून उत्तर द्या.